कोरडे दिवस

मराठीत बाईला दिवस जातात आणि दिवस राहतातही. जाणं आणि राहणं एरवी एकमेकांच्या उलट, पण बाईच्या बाबतीत दोन्हीचा अर्थ एकच. मी कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या डोक्यात उगाच घोळत राहतात. मला दिवस जाऊ नयेत एवढीच त्या वर्षी माझी इच्छा होती. दोन मुलं पुरे झाली म्हणून नव्हे, ती दोघं आईविना राहू नयेत म्हणून.

धाकट्याच्या वेळी माझी वार गर्भाशयाला चिकटून बसलेली. आधीचं सिझेरियन, त्याच्या व्रणावरच वार रुजलेली, आणि दुसरं सिझेरियन करताना ती सुटेना. रक्त थांबत नव्हतं. बाहेर नवरा रक्ताच्या पिशव्यांसाठी धावत होता आणि आत मला फक्त थंडी वाजत होती. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरबाईंनी कशीबशी पिशवी वाचवली, मला वाचवलं. टाके काढायच्या दिवशी त्या म्हणाल्या, "पुन्हा दिवस गेले तर वार पुन्हा तिथेच रुजू शकते. तेव्हा मी आजच्यासारखं हसत तुमच्याशी बोलत असेन की नाही, सांगता येत नाही." बाई फटकळ आहेत, पण खोटं बोलत नाहीत. मला त्या आवडतात.

मग सुरू झाला साधनांचा प्रवास. कॉपर-टी बसवली, तर पाळीला इतकं रक्त जायला लागलं की हिमोग्लोबिन रसातळाला गेलं. नेहमीच्या गोळ्या चालणार नव्हत्या, कारण मला अर्धशिशी आहे आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात. तशा बायकांना त्या गोळ्या देत नाहीत. इंजेक्शन घेतलं, तर महिनोन् महिने रोज डाग. पोटावर पुन्हा सुरी नको, हे मी ठरवून टाकलेलं. निरोध होता, पण नवऱ्याची कुरकुर होती. डॉक्टरबाईंनी पुरुषाच्या नसबंदीचं नाव काढलं तेव्हा नवरा भिंतीवरच्या बाळाच्या पोस्टरकडे बघत बसला. इतकं निरखून त्याने आमच्या बाळालाही कधी पाहिलं नसेल.

तो अंबरनाथला एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. दिवसभर आलेख बघायचा, रेघ कुठे वर गेली, कुठे खाली आली, त्यावरून माल पास की नापास ठरवायचा, हे त्याचं काम. त्यामुळे कुठेतरी वाचून त्याने जेव्हा विचारलं, "मॅडम, ते तापमानाचा चार्ट ठेवतात, त्याचं काय?" तेव्हा मला नवल वाटलं नाही.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत मी ते सुचवणार नाही. पण विचारलंत म्हणून नीट सांगते." आणि खरंच नीट सांगितलं. बीज सुटलं की शरीराचं तापमान जरासं चढतं, अर्ध्या अंशाहूनही कमी, आणि पुढची पाळी येईपर्यंत चढलेलंच राहतं. म्हणजे तापमान काय सांगतं, तर बीज सुटून गेलं. सुटणार आहे, हे ते सांगत नाही. ते सांगतो स्राव. पाळीनंतर काही दिवस कोरडे, मग चिकट, मग दह्याच्या निवळीसारखा, आणि बीज सुटायच्या सुमारास पारदर्शक, बुळबुळीत, दोन बोटांत ताणला तरी तुटत नाही असा. "कच्च्या अंड्यातला पांढरा भाग असतो ना, तसा," त्या म्हणाल्या. मला भेंडीची तार आठवली. अशा स्रावात पुरुषाचं बीज पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, म्हणून तो दिसायला लागला की लांब राहायचं. पुन्हा जवळ यायचं ते दोन्ही खुणा पटल्यावर. तो बुळबुळीत स्राव सरून तीन दिवस उलटले पाहिजेत आणि सलग तीन सकाळी तापमान आधीच्या सहा दिवसांपेक्षा वर पाहिजे. एक खूण हो म्हणते आणि दुसरी नाही म्हणते, तर उत्तर नाही.

"आणि फेल व्हायचं प्रमाण?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही खुणा शिकून, एक दिवसही न चुकता पाळल्या, तर वर्षभरात शंभर बायकांत एखादीलाही क्वचितच दिवस जातात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हा पुस्तकातला आकडा झाला. असल्या सगळ्या पद्धती लोक घरी जशा पाळतात, त्यात शंभरात दोनपासून तेवीसपर्यंत. कुठली पद्धत आणि कोणतं घर, यावर आहे ते."

रिक्षात बसल्यावर नवरा म्हणाला, "शंभरात एकसुद्धा नाही. ऐकलंस ना? आपण नीट करायचं." मी तेवीस ऐकलेलं, त्याने एक ऐकलेलं. एकाच खोलीत, एकाच बाईच्या तोंडून. नवराबायकोचं बहुतेक असंच असतं.

सुरुवातीचे तीन महिने फक्त शिकायचं होतं, निरोध चालूच ठेवायचा होता. नवऱ्याने दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर मागवला. नियम असा की सकाळी जाग आली की उठायचं नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आधी किमान तीन तास सलग झोप झालेली हवी, आणि रोज साधारण एकाच वेळी जिभेखाली थर्मामीटर धरून पडून राहायचं. तो बीप वाजला की शेजारून प्रश्न यायचा, "किती?" जशी काही क्रिकेटची मॅच चालू आहे. मी सांगायचे, तो फोनमध्ये टिपायचा, रेघ जोडायचा. तापाच्या रात्री, धाकट्यापायी जागरण झालेल्या रात्री, त्या आकड्याला कंस करून तो आकडा सोडून द्यायचा, हे त्याला पाठ होतं. खरं सांगते, त्या महिन्यांत मला तो आवडला. इतकी वर्षं माझ्या शरीरात काय चालतं याचा त्याला पत्ता नव्हता, आणि आता तो रोज सकाळी विचारत होता.

सासूबाई तेव्हा चिपळूणहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आलेल्या. सून रोज सकाळी तोंडात थर्मामीटर घेऊन पडलेली बघून त्यांची खात्रीच झाली की मला अंगात मुरलेला ताप आहे. एकदा मी धुणं भिजवताना त्यांनी हळूच विचारलं, "अंगावरून जातं काय गो तुझ्या?" मी काय सांगणार? त्यांनी धुण्यात पाहिलेलं असणार. "पांढरं जातं म्हणून तर अशी वाळलीस," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तांदळाचं धुवण पेलाभर माझ्यापुढे यायला लागलं. त्यांच्या आईने त्यांना दिलेलं, त्यांनी मला दिलं. जी खूण डॉक्टरबाई मला वाचायला शिकवत होत्या, तिला आमच्या घरात तीन पिढ्या रोग म्हणत आल्या होत्या. बायकांच्या शरीरातली एक धडधाकट गोष्ट, आणि तिला नाव द्यायचं तर आजाराचंच. मला सासूबाईंचा राग नाही आला. धुवण पिऊन पेला विसळून ठेवायचे.

वर्ष होत आलेलं. सगळं सुरळीत होतं. लांब राहायचे दिवस आम्ही लांब राहायचो, तो कुरकुरायचा, मी चिडवायचे की कारखान्यात माल नापास झाला की तू असाच तोंड पाडून येतोस का. त्यालाही हसू यायचं. असे दिवस होते.

मग जलवाहिनीच्या दुरुस्तीचं काम निघालं. आमच्या इमारतीत एरवी पाणी संध्याकाळी येतं, शाळेतून आल्यावर भरता येतं. त्या आठवड्यात एक दिवस आलंच नाही आणि मग वेळ बदलून भल्या पहाटे यायला लागलं, तेही करंगळीएवढ्या धारेने. पंप खेचत नव्हता. खालच्या नळाला पाइप लावायचा आणि बादल्या वर आणायच्या. पाण्याला कोण उठणार, हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. तो प्रश्न आहे हेच मला कधी सुचलं नव्हतं. मी उठायचे, दोन जिने चढउतार करायचे, पिंप भरायचे, आणि मग उजाडायच्या सुमारास पुन्हा अंथरुणात शिरून, नेहमीच्या वेळी, थर्मामीटर तोंडात धरायचे.

"किती?"

पहिल्या दिवशी चढलेलं होतं. मी म्हटलं, "अरे, मी पाणी भरून आलेय."

"पडलीस ना परत? होतं गार," तो म्हणाला आणि आकडा टिपला. कंस नाही केला.

दुसऱ्या दिवशीही चढलेलं. तिसऱ्याही. सलग तीन. फोनवरची रेघ अशी छान पायरी चढलेली की मालाच्या तपासणीत पहिला नंबर आला असता.

तिसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर, सासूबाई मुलांना घेऊन झोपायला गेल्यावर, त्याने मला फोन दाखवला. "झालं बघ. तीन दिवस वर आहे. आजपासून सेफ."

मी म्हटलं, "पण मला अजून ओलं वाटतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तार येतेय. आज सकाळीसुद्धा होती."

तो विचारात पडला. खोटं कशाला बोलू, त्याने विचार केला. मला आधल्या आठवड्यात खाज सुटली म्हणून डॉक्टरबाईंनी आतून ठेवायच्या गोळ्या दिलेल्या, त्या संपूनही काही दिवस झालेले. "अगं, ते गोळ्यांचं असेल," तो म्हणाला. "विरघळून येत असेल. आणि आई म्हणते तसं तुला अशक्तपणामुळेही जातं ना. आकडा बघ ना. आकडा खोटं बोलत नाही."

माझ्या बोटांना माहीत होतं. गोळीचा चुरा भुरभुरीत पांढरा येतो, त्याची तार येत नाही. वर्षभर मी हेच शिकले होते. पण त्याच्याकडे रेघ होती आणि माझ्याकडे वाटणं होतं. आणि वाटण्याला आमच्या घरात किती किंमत आहे ते मला ठाऊक होतं. सासूबाई म्हणतात रोग, नवरा म्हणतो गोळी, मग मीच कोण मोठी लागून गेले? तीन दिवस बादल्या उचलून माझे खांदे भरून आलेले. वाद घालायचं त्राण नव्हतं. मी दिवा मालवला.

पाळी यायच्या सुमारास तापमान खाली येतं. त्या महिन्यात ते आलं नाही. आता पाणी पुन्हा संध्याकाळी यायला लागलेलं, मी पडल्या पडल्याच मोजत होते, आणि रोज सकाळी रेघ वरच. दोन आठवडे झाले, अडीच होत आले. "किती?" विचारणं त्याने हळूहळू बंद केलं. मी आकडा सांगायचे, तो मुकाट्याने टिपायचा. एका सकाळी त्याने फोन उशीखाली सरकवला आणि म्हणाला, "टेस्ट करून घे." दोन रेघा आल्या. मी न्हाणीघरात पाटावर बसले आणि मला रडू नाही आलं, भीती वाटली. पहिल्यांदा आठवली ती त्या ऑपरेशनच्या टेबलावरची थंडी.

नौपाड्याला गेलो. सोनोग्राफी करताना डॉक्टरबाईंनी मशीनचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. मी विचारलं, "कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "खाली आहे. जुन्या टाक्यांच्या जवळ. अजून त्यात रुतलेलं दिसत नाही. पण आहे तिथे." नंतर केबिनमध्ये त्यांनी नवऱ्याचा फोन मागून घेतला आणि चार्ट बघितला. बराच वेळ बघितला. मग एका जागी बोट ठेवलं.

"हे तीन दिवस काय झालं होतं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "पाणी आलं होतं."

"म्हणजे तुम्ही उठून पाणी भरलंत आणि मग मोजलंत?"

"हो."

"मग हे आकडे धरायचेच नव्हते. खरी चढण ही बघा, चार दिवस पुढे." त्यांचं बोट पुढे सरकलं. तिथे दुसरी पायरी होती, पहिलीहून उंच. मागाहून पाहिलं की किती सरळ दिसत होती. "आणि स्राव? तोही सुकला होता?"

"नव्हता," मी म्हटलं. "मी सांगितलेलं."

नवरा म्हणाला, "म्हणजे शेवटी पद्धत फेलच गेली ना, मॅडम?"

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "दोन खुणा कशासाठी असतात? एक चुकली तर दुसरीने अडवावं म्हणून. यांच्या दुसऱ्या खुणेने अडवलं होतं."

तेवीस आकड्याबद्दल मी तेव्हापासून फार विचार केला. शंभरातल्या त्या तेवीस बायका आळशी असतील, गबाळ्या असतील, असं मी आधी मनात धरलेलं. आता वाटतं, त्यातल्या कितीतरी पहाटे पाण्याला उठलेल्या असतील. कुणाचं मूल रडलं असेल, कुणाची रात्रपाळी असेल, कुणी म्हटलं असेल मला अजून ओलं वाटतंय, आणि कुणीतरी म्हटलं असेल, काही नाही गं, अशक्तपणा आहे. आकडा घराचा असतो, पण दिवस बाईलाच जातात.

गर्भपाताचे कागद भरायचे होते. साधन निकामी ठरलं, हे कारण कायद्याला चालतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोणतं साधन, काय लिहू?" नवरा पुटपुटला, "साधन नाही, पद्धत." त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. त्याने खिशातून पेन काढून हात पुढे केला, सवयीने. बँकेचे, शाळेचे, सोसायटीचे, आमच्या घरातले सगळे कागद तोच सही करतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची नाही लागत. यांची एकटीचीच लागते." त्याने पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, फळ्यावर लिहून लिहून वळण आलंय. त्या दिवशीही चांगलंच आलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

ते मूल मला नको होतं आणि ते गेल्याचं मला दुःख झालं. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना आम्ही पिशवी साफ केली एवढंच सांगितलं. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. मऊ भात करून माझ्यापुढे ठेवला, तूप जास्त घातलं, आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "माझीपण एकदा केलेली हो, कुणाला ठाऊक नाही." बस्स, एवढंच. धुवणाचा पेला त्या दिवसापासून बंद झाला.

नवऱ्याशी मी खूप दिवस धड बोलले नाही. चिडचिड नाही केली, भांडले नाही, माझा स्वभाव बघता हेच विशेष. तो माझ्या आसपास वावरायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, मुलांचं दप्तर उचलून निघून जायचा. शेवटी एका रविवारी कांदे चिरता चिरता म्हणाला, "मी ऑपरेशन करून घेतो. विचारून आलोय. त्यानंतर तीन महिने थांबून तपासणी करायची, तोवर निरोध." डोळे पुसत होता, पण समोर कांदे होते, तेव्हा मी काय समजायचं? मी म्हटलं, "बरं." त्याने करून घेतलं. दोन दिवस बर्फ लावून बसला आणि मुलांना सांगितलं, पाठ धरलीय.

गेल्या महिन्यात पुन्हा पाइपलाइनचं काम निघालं. पुन्हा पाणी पहाटे. मला सवयीने जाग आली तर शेजारची जागा रिकामी होती. बाहेर जिन्यात बादलीची कडी वाजली, मग ती हाताने धरून थांबवल्यासारखा आवाज आला. मला जाग येऊ नये म्हणून तो हळू पावलं टाकत होता. पिंपात पाणी ओतल्याचा आवाज, पुन्हा जिना, पुन्हा पाणी. माझा हात उशाशी गेला, थर्मामीटर असायचा तिथे. आता तिथे काही नव्हतं. मी हलले नाही, बोलले नाही, पाणी प्यायले नाही, नियमात लिहिलंय तशी पडून राहिले. एवढंच तर हवं होतं. त्या तीन पहाटे.